सोनोरीचे ताजे अंजीर, बुकिंग चालू

(पोस्टर: ग्रुपवर टाकायला आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावायला)

पुरंदरचे अंजीर
झाडावर पिकलेले, पहाटे तोडलेले, सकाळी दहाच्या आत तुमच्या दारात

मीठा बहार सुरू होतोय
पहिली गाडी: शनिवार, 7 मार्च
त्यानंतर दर बुधवारी आणि शनिवारी, मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत

1 किलो (अर्ध्या किलोचे दोन ट्रे, एकेरी थर): 180 रुपये
2 किलो: 340 रुपये
घरपोच, वेगळा चार्ज नाही

हडपसर, मगरपट्टा, कोथरूड, सिंहगड रोड
जेवढं बुकिंग तेवढीच तोड, त्यामुळे आधी सांगा
बुधवारसाठी सोमवारी संध्याकाळी 6 पर्यंत, शनिवारसाठी गुरुवारी संध्याकाळी 6 पर्यंत

(सोबतचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज)

नमस्कार ताई-दादा, काका-काकू,

मी सोनोरीहून, मल्हारगडाच्या पायथ्याला आमचं गाव, सासवडच्या अलीकडे. मागच्या वर्षी ज्यांनी आमचे अंजीर घेतले ते ओळखतीलच, नवीन लोकांसाठी थोडं सांगते. आमची दीड एकर अंजिराची बाग आहे, जात पुना अंजीरच, साल हिरवट-जांभळी आणि आतला गर गुलाबी. पुरंदरच्या अंजिराला जीआय मानांकन पण आहे, पण खाल्ल्यावर मानांकन विचारायची गरज पडत नाही असं मला वाटतं.

आता बुकिंग आधी का घेतो ते सांगते. आंबा कच्चा तोडून अढीत पिकवता येतो, अंजिराचं तसं नाही, कच्चं तोडलं तर मऊ पडेल पण गोडी येत नाही, ते झाडावरच पिकायला लागतं आणि एकदा पिकलं की दोन दिवसात खलास. आम्ही पहाटे साडेचारला बॅटरी घेऊन बागेत जातो, जे फळ मान टाकून खाली झुकलंय आणि देठापाशी दाबलं की जरा मऊ लागतं तेच तोडायचं, देठासकट. देठातून पांढरा चीक येतो, हाताला लागला की दिवसभर खाज सुटते म्हणून हातमोजे घालतो. मग ट्रेच्या तळाला अंजिराचंच पान आणि त्यावर एकेक फळ, थरावर थर नाही. सहा-साडेसहाला गाडी दिवे घाट उतरते.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत सगळा माल बाजारात द्यायचो. एकदा गाडी उशिरा खाली झाली, उन्हात चार तास पाट्या तशाच, निम्मा माल दबून फुटला आणि हातात आलं ते तोडणीच्या मजुरीएवढं पण नव्हतं. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. तेव्हा ठरवलं, खाणाऱ्याचं नाव माहीत असल्याशिवाय फळ तोडायचं नाही.

किलोमध्ये साधारण 20 ते 25 फळं बसतात. सगळी एकसारखी नसतील, लहान-मोठी येतील, एखाद्याला बुडाशी बारीक चीर असेल, ती खराब नाही उलट तेच जास्त गोड लागतं, आधी खाऊन टाका. आंबूस वास आला किंवा पाणी सुटलेलं दिसलं तर मात्र फोटो पाठवा, त्या फळांचे पैसे पुढच्या ऑर्डरमधून वजा करीन.

आल्या आल्या धुऊ नका प्लीज, खायच्या वेळी धुवा. ट्रे तसाच फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवसात संपवा. उरलेच तर दुधात घालून मिक्सरला फिरवा, साखर लागत नाही.

अ‍ॅडव्हान्स किलोला 80 रुपये, याच नंबरवर यूपीआय करा आणि स्क्रीनशॉट टाका, बाकीचे ट्रे हातात आल्यावर. अवकाळी पाऊस झाला तर फळ पाणी पिऊन फुटतं, तसा माल आम्ही पाठवत नाही, त्या दिवशी एक तर पुढची तारीख घ्या नाहीतर अ‍ॅडव्हान्स त्याच संध्याकाळी परत. गुरुवारी सहानंतर "एक किलो वाढवा ना" असे मेसेज येतात, मला नाही म्हणायला खूप जड जातं, पण झाडावर पिकलेलं तेवढंच असतं हो.

ऑर्डर अशी टाका:
नाव, सोसायटी, विंग आणि फ्लॅट, किती किलो, बुधवार की शनिवार.
दर आठवड्याला हवे असतील तर "रेग्युलर" लिहा, तुमचं नाव वहीत आधी धरते.

एका सोसायटीतून 10 किलोच्या वर ऑर्डर झाली तर किलोला 160 लावते, गाडी एकाच गेटवर थांबते ना म्हणून परवडतं.

आणि एक विनंती, दहाच्या आत घरात कोणीतरी असू द्या किंवा शेजारी सांगून ठेवा. वॉचमनच्या केबिनमध्ये दुपारपर्यंत ट्रे राहिला की उन्हाने फळ बसतं.

सोनोरीची अंजीरवाली ताई