१८ नोव्हेंबरला एकाच वेळी दोन पेपर आलेत, सेम ५ चा रेग्युलर आणि सेम ३ चा बॅकलॉग

नमस्कार सर, मी प्रणाली, बी.कॉम. भाग ३, डिव्हिजन बी, रोल नंबर १४७. काल रात्री दोन्ही हॉल तिकिटं डाऊनलोड केली आणि शेजारी शेजारी ठेवून बघितली तर मंगळवारी १८ नोव्हेंबरला सकाळी १०.३० ला सेम ५ चा अकाउंटन्सीचा पेपर आहे आणि त्याच दिवशी त्याच वेळी सेम ३ चा बॅकलॉगचा स्टॅटिस्टिक्सपण आहे. वर सेंटरपण वेगवेगळी, अकाउंटन्सी आपल्याच कॉलेजला आणि स्टॅटिस्टिक्स पार कळंब्याकडं. म्हणजे एक पेपर लवकर देऊन दुसऱ्याला पळायचं म्हटलं तरी जमत नाही ओ.

दोन्ही फॉर्म एकाच वेळी भरलेत, दोन्हींची फी भरलीय, पावत्या जोडल्यात. फॉर्म घेताना सिस्टीमला काही अडचण दिसली नाही, टाइमटेबल लागल्यावर अडचण आली. सकाळी खिडकीवर विचारलं तर तिथले काका म्हणाले, बॅकलॉगचा पुढच्या वेळी दे की. पण सर, तसं केलं तर तो विषय सेम ६ च्या परीक्षेच्या डोक्यावर येऊन बसणार, रिझल्ट अडकणार आणि पुढं एम.कॉम.ला अ‍ॅडमिशन घ्यायचं म्हटलं की परत तीच बोंब. एक पेपर सोड असं सांगणं सोपं आहे पण चूक टाइमटेबलची असताना वर्ष आमचं का घालवायचं?

आमच्या वर्गात अजून पाच जणांचं असंच झालंय, त्यांची नावं आणि सीट नंबर एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्यात, त्याचा फोटो सोबत आहे.

तर विनंती एवढीच की कॉलेजकडून युनिव्हर्सिटीच्या परीक्षा विभागाला प्राचार्यांच्या सहीचं पत्र जावं. त्या दिवशी दुपारी २.३० च्या सत्रात सेम ३ चा एकही पेपर नाही, मी टाइमटेबल दोनदा बघितलंय, त्यामुळं स्टॅटिस्टिक्स दुपारी घेतला तरी चालेल, एका दिवसात दोन द्यायची आमची तयारी आहे. दुसरी तारीख मिळाली तर उत्तमच. फक्त सेंटर आपलंच ठेवा म्हणावं, जेवायला तरी वेळ मिळेल.

आम्ही स्वतः युनिव्हर्सिटीत जाऊन पत्र द्यायलापण तयार आहे, पण तिथं कॉलेजच्या शिक्क्याशिवाय कुणी कागद हातात घेत नाहीत. पत्र गेलं की आवक-जावक नंबर तेवढा कळवा, म्हणजे पुढं विचारायला बरं पडेल. आणि बदल झाला तर नवीन हॉल तिकीट येणार का जुन्यावरच पेनानं लिहून शिक्का मारून देणार हेपण सांगा, नाहीतर त्या दिवशी गेटवर सुपरवायझर अडवतील.

मी मुरगूडहून एस.टी.नं येते, उद्या ११ वाजेपर्यंत ऑफिसात पोचते. ओरिजिनल पावत्या घेऊनच येते. तेवढं पत्राचं बघा सर, प्लीज.

प्रणाली
बी.कॉम. भाग ३, रोल नंबर १४७