कालच्या प्रयोगाबद्दल

मंडळी,

काल राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत सांगलीला प्रयोग दणक्यात केलात. मनापासून अभिनंदन! निकाल लागेल तेव्हा लागेल. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात ‘सीतास्वयंवर’ केलं, तिथला प्रेक्षक उगाच टाळ्या देत नाही, एवढं मला माहीत आहे.

आजीचं काम करणाऱ्या ताई, पत्र वाचताना तुम्ही जो थांबलात ना, त्या वेळी मागच्या रांगेतला खोकलासुद्धा थांबला होता. धाकट्या भावाने पहिल्या अंकात वाक्यं थोडी घाईत घेतली, पण दुसऱ्या अंकात काय सावरलंय!

आता विंगेतल्या लोकांबद्दल. दुसरा अंक सुरू होताना दाराच्या फ्लॅटचा ब्रेस निसटला, हे प्रेक्षकांत कुणालाच कळलं नाही. नेपथ्यवाला आपला पोरगा अख्खा प्रवेश पाठ लावून ते दार धरून उभा होता. वर प्रत्येक एन्ट्रीला कडी वाजवायची तीही त्यानेच. मी विंगेत होतो म्हणून दिसलं. अंधारात दहा-बारा सेकंदांत खाट हलवून देव्हारा मांडणाऱ्या दोघी, मोबाइलच्या उजेडात पदराला टाका घालणाऱ्या वहिनी आणि पहाटेचा उजेड इतका हळू चढवणारे प्रकाशयोजनेवाले दादा, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

रविवारी संध्याकाळी तालमीच्या हॉलवर या. भडंग आणि चहा माझ्याकडून. दार धरणाऱ्याला दोन प्लेट.

तुमचा,
काका (जुना प्रॉम्प्टर)