आठवड्याचं कोडं: १, २, ४, … पुढे काय?

आठवीसाठी. वह्या शुक्रवारपर्यंत द्या.

१, २, ४, ____

चौथं पद लिहा आणि ते कोणत्या नियमाने आलं तेही लिहा. त्याच नियमाने पाचवं पद काढा. जितके नियम सापडतील तितके लिहा. नियमाशिवाय नुसत्या संख्येला गुण नाही. नियम तिन्ही पदांना लागू पडला तर पूर्ण गुण, मग उत्तर शेजाऱ्याहून वेगळं का असेना.

उत्तरं (आधी स्वतः सोडवा, मगच वाचा)

८ बहुतेकांना सुचेल: दरवेळी दुप्पट, पुढे १६.

५ सुद्धा बरोबर. ३ च्या पाढ्यात न येणाऱ्या संख्या लिहून बघा: १, २, ४, ५, ७. आणि ६? मूळ संख्या २, ३, ५, ७, ११ यांतून एकेक वजा करा: १, २, ४, ६, १०.

७ मला सगळ्यांत आवडतं, कारण तिथे पोचायच्या वाटाच दोन आहेत. आधी १ मिळवा, मग २, मग ३. एका भाकरीवर सुरीने सरळ काप देत जा: एकही काप नसताना १ तुकडा, मग जास्तीत जास्त २, ४, ७, ११. दुसरी वाट जिन्याची. एका वेळी एक, दोन किंवा तीन पायऱ्या चढता येत असतील, तर १, २, ३, ४, ५ पायऱ्यांचा जिना अनुक्रमे १, २, ४, ७, १३ प्रकारे चढता येतो. चौथं पद दोन्हीकडे तेच, पाचव्याला मात्र फाटा फुटतो.

एका सराव परीक्षेत याच कोड्याला ७ आणि ८ हे दोन्ही पर्याय होते. ७ लिहिणाऱ्या आपल्या एका विद्यार्थिनीचा गुण गेला. तिने भाकरीचाच नियम लावला होता. चूक प्रश्नाची होती, तिची नव्हती. तीन पदांत नियम ठरत नाही.

अगदी १०० हवे असतील तरी सूत्र आहे. त्यात n = १, २, ३, ४ घालून पडताळा:

(n² − n + २)/२ + १५.५ (n − १)(n − २)(n − ३)

पदं वाढली की कोडं पक्कं होतं, असं वाटत असेल तर हे घरी करा. वर्तुळावर बिंदू घ्या आणि प्रत्येक बिंदू बाकीच्या सगळ्या बिंदूंना रेषाखंडांनी जोडा. वर्तुळाचे भाग मोजा. एका बिंदूला १, मग २, ४, ८, आणि पाच बिंदूंना १६. आता सहा बिंदू घ्या, पण समान अंतरावर नकोत. तीन रेषाखंड एकाच ठिकाणी छेदू देऊ नका. पेन्सिल बारीक टोकाची घ्या, प्रत्येक भागात आकडा घाला. ३२ येत नाहीत, ३१ येतात. सोमवारी आकृती आणा, एकत्र मोजू.