तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळली? थांबू नका, १०८ लावा

(पूर्व भाग, सोलापूर. यंत्रमाग कारखाने, विडी कामगारांच्या वसाहती आणि गल्लीबोळांसाठी फलक)

आपण म्हणतो, 'अंगावरून वारं गेलं.' कुणी लकवा म्हणतं, कुणी अर्धांग. डॉक्टर पक्षाघात किंवा स्ट्रोक म्हणतात. वाऱ्याचा याच्याशी काही संबंध नाही. मेंदूला रक्त नेणारी नळी गुठळीनं बंद होते किंवा फुटते. मग मेंदूच्या त्या भागाचं काम बंद पडतं, आणि तो भाग शरीराचा जो भाग चालवतो तोही पडतो. मोठी नळी बंद पडली तर दर मिनिटाला मेंदूच्या अंदाजे १९ लाख पेशी मरतात. त्या परत उगवत नाहीत.

बहुतेक वेळा हे दुखत नाही. म्हणूनच फसगत होते. छातीत कळ आली की माणूस ओरडतो. हात जड पडला तर 'जरा पडतो' म्हणून चटईवर आडवा होतो.

तीन गोष्टी बघा. एक मिनिट पुरतं.

चेहरा. समोर बसवा आणि हसायला सांगा. लाजून ओठ मिटून नव्हे, दात दिसतील असं. दात नसतील तर 'ई' म्हणायला लावा. ओठाचा एक कोपरा वर जातो आणि दुसरा खाली लोंबतो का? एका बाजूनं लाळ किंवा चहा गळतो का? 'थंडीनं तोंड वाकडं झालं असेल' असं घरी ठरवू नका. ते ठरवायचं काम डॉक्टरांचं.

हात. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा, तळवे वर, जणू प्रसाद घेतोय. सावकाश दहापर्यंत मोजा. एक हात आपोआप खाली येतो का, किंवा उचलतच नाही का? ज्यांचा खांदा आधीपासून धरलेला आहे त्यांच्याबाबतीत कालच्यापेक्षा आज काय वेगळं आहे ते बघा. मागावर सुताची गाठ मारता न येणं, विडी वळताना पान हातातून निसटणं, चप्पल पायातून सुटून मागे राहणं आणि ते लक्षातही न येणं, ही त्याचीच रूपं.

बोली. एक साधं वाक्य म्हणायला सांगा: 'सिद्धेश्वराच्या तळ्यात पाणी भरलंय.' शब्द अडखळतात, बोबडे येतात, भलतेच येतात, की आवाजच फुटत नाही? घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील तर त्याच भाषेत विचारा. मराठी अडखळली म्हणजे लगेच पक्षाघात नव्हे, पण मायबोली अडखळली तर नक्की धोका समजा. काही जण बोलू शकतात, पण तुमचं बोलणंच त्यांना कळत नाही. तेही यातच आलं.

तिन्ही लक्षणं दिसायची वाट बघू नका. अचानक आलेलं एक पुरे. अचानक एका डोळ्यानं दिसेनासं होणं, सगळं दोन-दोन दिसणं, उभं राहताच तोल जाणं, आयुष्यात कधी दुखलं नव्हतं इतकं डोकं दुखणं, हेही धरा. आणि दहा मिनिटांत सगळं आपोआप बरं झालं, तरी जा. ती पुढच्या मोठ्या झटक्याची वर्दी असू शकते.

सगळ्यात आधी वेळ

माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला? दवाखान्यात पहिला प्रश्न हाच येतो. घड्याळ बघितलं नसेल तर आठवा: टीव्हीवर कुठली मालिका चालू होती, पाळी सुटली होती का, नळाला पाणी आलं होतं का. झोपेतून उठताना लकवा दिसला, तर रात्री झोपायला गेला ती वेळ सांगा, उठल्याची नाही. कागद न सापडला तर मनगटावर पेनानं लिहा.

वेळेला एवढं महत्त्व का? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातही जितकं लवकर तितका हात वाचतो. मोठ्या नळीतली गुठळी तारेनं ओढून काढायची सोयही काही रुग्णालयांत आहे. तिला निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत वाव असतो, पण '२४ तास आहेत की' म्हणून घरी बसू नका. आणि नळी फुटली असेल तर उपचार अगदी वेगळे. कुठलं काय हे सिटी स्कॅनशिवाय कुणालाच कळत नाही.

गाडी

१०८ लावा. रुग्णवाहिका मोफत आहे. एवढंच बोला: 'पक्षाघाताची शंका आहे, अमुक वाजता सुरू झालं', मग पत्ता आणि जवळची खूण. आमच्या गल्ल्या अरुंद, म्हणून एका पोराला चौकात उभं करा.

रुग्णवाहिकेला फार उशीर लागेल असं कळलं तर रिक्षा, टेम्पो, जे मिळेल ते. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून कधीच नेऊ नका; तोल गेलेला माणूस घसरतो.

थेट त्या रुग्णालयात, जिथे दिवसरात्र सिटी स्कॅन होतं. वाटेत कुणी 'आधी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात एक सलाईन लावू' म्हणालं तर हात जोडून नाही म्हणा. निघताना एकानं फोन करून 'पक्षाघाताचा रुग्ण आणतोय' असं रुग्णालयात सांगा.

सोबत काय? चालू गोळ्यांच्या पट्ट्या, त्यातही रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती नक्की. आणि वेळ सांगू शकेल असा घरचा माणूस. आधार आणि रेशन कार्ड हाताशी असेल तर घ्या, कपाट उचकत बसू नका. ते मागून कुणीही आणेल.

गाडी येईपर्यंत

कुशीवर झोपवा, तोंडातली लाळ वा उलटी बाहेर येऊ द्या. पाणी, चहा, गोळी, काहीही तोंडात घालू नका. घास श्वासनळीत जातो. ॲस्पिरिन नको आणि बीपीची गोळी जिभेखाली नको. मधुमेही असतील आणि साखर मोजायचं यंत्र घरात असेल तर मोजा, आकडा १०८ वाल्यांना सांगा, पण त्यासाठी गाडी अडवू नका. तेलाची मालिश, कांदा हुंगवणं, कबुतराचं रक्त चोळणं, ओळखीच्या गावातलं झाडपाल्याचं औषध: हे सगळं त्या साडेचार तासांतून कापून जातं. अक्का, मावशी, राग मानू नका. उपाय प्रेमापोटीच सुचतो, हे आम्हाला कळतं.

आपल्याच गल्लीतली गोष्ट (घरच्यांच्या परवानगीनं)

मागावर काम करणाऱ्या एका काकांचा उजवा हात रात्रपाळीत जड पडला. सोबतच्यांना वाटलं, थकले. घरी गेले, भाकरीचा तुकडा हातातून पडला, घरच्यांनी 'झोपा' म्हटलं. सकाळी तोंड वाकडं आणि बोलणं बंद. दवाखान्यात नेलं, पण इंजेक्शनची वेळ निघून गेली होती. आता काठी घेऊन चालतात, पण बोटांनी सूत धरता येत नाही. पुतण्या म्हणतो, 'भाकरी पडली तेव्हाच कळायला हवं होतं.' त्याचा दोष नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, मिशरी, विडी यांनी धोका वाढतो. तरुणांनाही होतो. बीपी मोजून घ्यायचं असेल तर आशाताईंना गाठा.

रात्री उठून गाडी काढतील अशा तीन रिक्षावाल्यांचे नंबर किराणा दुकानाच्या फळीवर खडूनं लिहिलेत. आजच फोनमध्ये घालून ठेवा, आणि पुसले गेले तर पुन्हा लिहा.