ओळख: मधुरा (कागद संवर्धन) आणि शिरीष (वातानुकूलन) – दुर्मिळ ग्रंथांच्या खोलीतली रात्रीची आर्द्रता, पहिलं पत्र मधुराताईंचं, बुधवारपर्यंत

आधीचा मेल, फक्त शिरीष यांना

विषय: तुमची ओळख करून देऊ का? दोन तासांचं काम आहे

नमस्कार शिरीषराव,

आमच्या ग्रंथसंग्रहालयातल्या दुर्मिळ ग्रंथांच्या खोलीत रात्री आर्द्रता ७०च्या वर जाते. जुन्या पुस्तकांवर काम करणाऱ्या संवर्धक मधुराताईंशी तुमची गाठ घालून द्यावी असं मनात आहे. त्यांचा होकार आहे. तुमचा नंबर किंवा मेल मी त्यांना अजून दिलेला नाही.

तुमच्याकडून हवी आहे एक प्रत्यक्ष भेट, साधारण दोन तासांची, आणि नंतर अर्ध्या तासाचा एक फोन. यंत्राचं कोटेशन या टप्प्यावर नको आहे. सल्ल्याचं मानधन संग्रहालय देईल, त्याचं पत्र मी वेगळं पाठवीन.

या महिन्यात जमणार नसेल तर एका ओळीत ‘नको’ कळवा, कारण द्यायची गरज नाही. ‘हो’ आलं की दोघांना एकत्र मेल करते.

सुनंदा
ग्रंथपाल

---

ओळखीचा मेल, दोघांना

विषय: ओळख: मधुरा (कागद संवर्धन) आणि शिरीष (वातानुकूलन) – रात्रीची आर्द्रता, पहिलं पत्र मधुराताईंचं, बुधवारपर्यंत

नमस्कार मधुराताई, नमस्कार शिरीषराव,

तुम्हा दोघांचा होकार आला, म्हणून ही ओळख. तुम्ही भेटून एकच गोष्ट ठरवायची आहे: दुर्मिळ ग्रंथांच्या खोलीत रात्रीही एसी चालू ठेवायचे, की आर्द्रता काढणारं वेगळं यंत्र बसवायचं.

सुरुवात मधुराताई करतील. बुधवारी संध्याकाळपर्यंत त्या शिरीषरावांना लॉगरच्या नोंदी आणि पुस्तकांना चालेल अशी आर्द्रतेची मर्यादा पाठवतील. शिरीषराव, तोवर तुम्ही काहीही करायचं नाही. नोंदी पाहिल्यावर भेटीचा दिवस तुम्ही सुचवा.

हा क्रम मी मुद्दाम असा ठेवला आहे. मागे एकदा याच खोलीसाठी आधी यंत्राची क्षमता ठरली आणि मर्यादा नंतर विचारली गेली. सगळा हिशेब माणसांना गार वाटावं यासाठी झाला होता. या खोलीत माणूस दिवसातून जेमतेम तासभर असतो आणि पुस्तकं चोवीस तास असतात.

शिरीषराव, मधुराताई गेली दोन वर्षं आमच्या चामडी बांधणीच्या ग्रंथांवर काम करत आहेत. बुरशी आलेली ६० पुस्तकं त्यांनी वेगळी काढून कोरडी केली, साफ केली. ती परत खोलीत ठेवायला त्या तयार नाहीत आणि ते बरोबरच आहे. खोली जशी आहे तशीच राहिली तर पुढच्या पावसाळ्यात तेच काम पुन्हा करावं लागेल. बुरशीचे बीजकण धुळीत असतातच, ओल मिळाली की वाढतात. पुस्तक कुठल्या आर्द्रतेला किती तास तग धरतं हे त्या सांगू शकतात. ती आर्द्रता कशी राखायची, हा त्यांचा विषय नाही आणि त्या तसं स्पष्ट म्हणतात.

मधुराताई, शिरीषराव औषधांच्या गोदामांचं वातानुकूलन करतात, म्हणजे जिथे आर्द्रता लिहून द्यावी लागते अशा जागांचं. त्यांना बोलवायचं मुख्य कारण हेच. नुसती खोली गार करणारे पुष्कळ भेटतात. ते बोलताना दवबिंदू आणि एक किलो हवेत किती ग्रॅम पाणी अशा भाषेत बोलतील. तुमचा टक्का म्हणजे सापेक्ष आर्द्रता. हवेतलं पाणी तेवढंच राहिलं तरी तापमान बदललं की टक्का बदलतो. नुसता ‘६०’ आकडा सांगितला तर दोघांच्या मनात वेगवेगळी हवा असेल, म्हणून प्रत्येक टक्क्यासोबत तापमान लिहा एवढीच विनंती.

खोलीची माहिती अशी. ९ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३.६ मीटर उंच. खिडकी नाही, एक दार कॉरिडॉरमध्ये उघडतं. उत्तरेची भिंत बाहेरची आहे आणि लोखंडी कपाटं तिला अगदी टेकून उभी आहेत. सुमारे ४,००० ग्रंथ, वजन अंदाजे ३ टन. दोन टनांचे दोन स्प्लिट एसी, सकाळी १० ते संध्याकाळी ६ चालू.

आता नेमकं काय होतं ते. दुपारी खोलीत २३ अंशांना ५९ टक्के असतात. सहाला एसी बंद होतात आणि पहाटे पाचला २६ अंशांना ७४ टक्के झालेले असतात. दवबिंदू साडेचौदा अंशांवरून एकवीसच्या आसपास जातो. म्हणजे तापमान बदलल्याने टक्का वर गेला असं नाही, खोलीत खरोखर पाणी येतंय. दाराखाली बोटभर फट आहे आणि माझा संशय तिच्यावर आहे, पण भिंतही तपासायला हवी.

एक उपाय आम्ही करून पाहिला आणि तो उलटला, म्हणून आधीच सांगते. पावसाच्या दिवसांत एसी १८ अंशांवर लावला की हवा कोरडी होईल असं कर्मचाऱ्यांना वाटायचं. बाहेर उकाडा नसतो, खोली मोठ्या एसीने पटकन गार होते, कॉम्प्रेसर थांबतो आणि पंखा मात्र फिरत राहतो. मग कॉइलवर जमलेलं पाणी पुन्हा हवेत. वर सकाळी दार उघडलं की कॉरिडॉरची दमट हवा थंडगार कपाटांवर येते. दोन कपाटांच्या दारांवर आतून ओल दिसली होती. म्हणूनच ‘रात्रीही एसी चालू’ या पर्यायाबद्दल मी साशंक आहे, पण निर्णय तुमचा.

शिरीषराव, एका गोष्टीकडे खास लक्ष द्या. नुसत्या हवेच्या घनफळावर यंत्र निवडलं तर ते कमी पडेल. खोलीच्या सगळ्या हवेत रात्रीतून वाढणारं पाणी साधारण सव्वा लिटर भरतं. पण ३ टन कागदाने एक टक्का जरी ओलावा जास्त धरला तरी ते ३० लिटर होतात. यंत्र सुरू केल्यावर पहिले काही आठवडे ते पुस्तकांतलं पाणी काढत राहणार. शिवाय कॅटलॉगवरचा ‘दिवसाला इतके लिटर’ हा आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्क्यांना दिलेला असतो. आमच्या खोलीत, २५ अंश आणि ५५ टक्क्यांना, तेच यंत्र त्याच्या निम्म्याहूनही कमी पाणी काढेल. तुम्हाला हे ठाऊक असणारच. खरेदी समितीला मात्र ते तुमच्या सहीने लिहून हवं.

भेटीतून मला एक पान हवं आहे: कोणता पर्याय, यंत्राची क्षमता किती, पाणी ड्रेन पाइपने कुठे सोडायचं (बादली नको, सुट्टीच्या दिवशी ती भरते आणि यंत्र बंद पडतं), दाराला आणि भिंतीला काय करायचं. खर्च आणि निविदा माझ्याकडे, त्यावर तुम्ही वेळ घालवू नका.

यापुढे मला प्रत्येक मेलमध्ये ठेवायची गरज नाही. भेटीचा दिवस ठरला की तेवढा कळवा, खोलीची किल्ली आणि शिडी तयार ठेवते. शुक्रवारपर्यंत दिवस ठरला नाही तर दोघांना फोन करीन.

आपली,
सुनंदा

---

मधुराताईंचं उत्तर, मंगळवारी रात्री

सुनंदाताई, ओळख करून दिल्याबद्दल मनापासून आभार. तुम्हाला आता बीसीसीत हलवते.

शिरीषसर, नमस्कार. सोबत तीन फाइल आहेत: `logger-1.csv`, `logger-2.csv`, `logger-3.csv`. पाच आठवड्यांच्या, दर १५ मिनिटांच्या नोंदी. पहिला लॉगर दाराजवळ, दुसरा खोलीच्या मध्यावर, तिसरा उत्तरेच्या भिंतीलगतच्या कपाटात, खालच्या फळीवर.

तिसऱ्याचे आकडे वाचताना ६ वजा करा. मला ते फार जास्त वाटले, म्हणून तिन्ही लॉगर एकेक करून मिठाच्या बरणीत ठेवून पाहिले. साध्या मिठात थोडंच पाणी घालायचं, ओल्या वाळूसारखं होईल इतकं, आणि झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवायचं. आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. पहिले दोन ७४ आणि ७६ दाखवत होते, तिसरा ८१. ६ वजा केल्यावरही कपाटातली आर्द्रता खोलीच्या मध्यापेक्षा ४ ते ५ टक्के जास्तच आहे. त्या भिंतीपासून कपाटं किमान १० सेंटीमीटर पुढे घ्यावीत असं मला वाटतं.

पुस्तकांसाठी मर्यादा, २२ ते २६ अंशांच्या दरम्यान:

४५ ते ५८ टक्के, नेहमीसाठी. ६५च्या वर कधीही नाही. वीज गेली तर ६० ते ६५ मध्ये काही तास चालतील. एका दिवसात चढउतार १० टक्क्यांहून जास्त नको, कारण चामडं आणि आतला पुठ्ठा वेगवेगळ्या मापाने फुगतात आणि सांध्यावर बांधणी फाटते. ४५च्या खालीही नको, जुनं चामडं तडकतं.

बरोब्बर ५० टक्के राखा, असा माझा आग्रह नाही. त्यासाठी लागणारं यंत्र आणि वीज यांतून या पुस्तकांना वेगळा काही लाभ होणार नाही. तापमान २६ला गेलं तरी चालेल, रात्रीची आर्द्रता मात्र खाली यायला हवी.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. नोंदी पाहून गुरुवारपर्यंत भेटीचा दिवस सुचवा. मला सोमवार किंवा बुधवार, सकाळी ८ची वेळ सोयीची, म्हणजे एसी सुरू होण्याआधीची खोली तुम्हाला पाहता येईल. आणि भिंतीतली ओल मोजायचं मीटर तुमच्याकडे असेल तर घेऊन या, माझ्याकडचं फक्त लाकडासाठीचं आहे.

मधुरा