यूपीआय क्यूआर कोडद्वारे ५७,५९९ रुपयांची फसवणूक: राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरील तक्रार

प्रति,
राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टल
(प्रत: नाशिक शहर सायबर पोलीस ठाणे)

घटनेची तारीख: १३ व १४ नोव्हेंबर २०२५

महोदय,

मी नाशिकरोडला जेलरोड भागात राहत्या घरीच पोळी-भाजी केंद्र चालवते. सणावाराला पुरणपोळीच्या ऑर्डरी घेते. माझी फसवणूक अशाच एका ऑर्डरीतून झाली. १९३० वर १४ तारखेलाच दुपारी तोंडी तक्रार दिली आहे. त्यांच्याकडून मेसेजवर आलेला पोचक्रमांक, माझे बँक खाते, शाखा आणि संशयितांचे पूर्ण मोबाइल क्रमांक व यूपीआय आयडी अर्जाच्या त्या त्या रकान्यांत भरले आहेत. इथे घडले तसे लिहिते.

गुरुवारी, १३ तारखेला संध्याकाळी ७ वाजून ८ मिनिटांनी शेवटी ४४७१ असलेल्या नंबरवरून फोन आला. बोलणारा हिंदीत बोलत होता. आपण देवळाली कॅम्पात लष्करात आहोत, युनिटचा कार्यक्रम आहे, उद्या संध्याकाळी पाचला २०० पुरणपोळ्या आणि कटाची आमटी न्यायला गाडी येईल, असे त्याने सांगितले. देवळाली आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, तिथली माणसे आधीही माझ्याकडून डबे नेतात, त्यामुळे शंका आली नाही. पोळी ६० रुपयांप्रमाणे १२,००० आणि आमटीचे २,४०० असे १४,४०० ठरले. त्याने भावात घासाघीस केली नाही, हे आता खटकते. रात्री व्हॉट्सॲपवर त्याने लष्कराचे ओळखपत्र आणि गणवेशातला फोटो पाठवला. ते कार्ड खऱ्या जवानाचे असून त्याच्या नकळत वापरले जात असण्याची शक्यता आहे, म्हणून त्या कार्डावरच्या नावाविरुद्ध माझी तक्रार नाही. त्याची शहानिशा आपण करावी.

शुक्रवारी सकाळी पाच किलो हरभरा डाळ शिजत होती तेव्हा शेवटी ९०२६ असलेल्या दुसऱ्या नंबरवरून फोन आला. हा म्हणे अकाउंट्सचा साहेब. "मॅडमजी, आर्मी का पेमेंट सिस्टम अलग है, पहले आप एक रुपया भेजो, हमारे यहाँ से डबल आयेगा." त्याने क्यूआर कोड पाठवला. मी एक रुपया पाठवला आणि तीन मिनिटांत दोन रुपये खरोखर जमा झाले. तिथे माझा विश्वास बसला. मग दुसरा क्यूआर कोड आला, त्यावर मोठ्या हिरव्या अक्षरांत "RECEIVE 14,400" असे छापलेले होते. ती अक्षरे ॲपची नव्हती, चित्रावर चिकटवलेली होती, हे नंतर कळले. स्कॅन करून पिन टाकला आणि पैसे येण्याऐवजी गेले. तो म्हणाला, एंट्री चुकली, परत केली की दोन्ही रकमा एकदम परत येतील. मी परत केले. मग म्हणाला, आता दोन्हींची बेरीज टाका म्हणजे सिस्टम उलटी फिरेल. फोन सारखा चालूच होता, कापू देत नव्हता, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात पळी अशी माझी अवस्था. पिन मीच टाकला, हे मी लपवत नाही. पण पैसे येणार आहेत असे खोटे सांगून तो टाकायला लावला.

व्यवहारांचा माग असा आहे. ओळखायला सोपे जावे म्हणून समोरच्या खात्यांना मी अ, ब, क म्हटले आहे. सर्व व्यवहार १४ तारखेचे, सकाळचे.

११.२१ — १ रुपया गेला, खाते अ, यूटीआर 531811402765
११.२४ — २ रुपये आले, खाते क, यूटीआर 531811419038
११.३१ — १४,४०० गेले, खाते अ, यूटीआर 531811457210
११.३६ — १४,४०० गेले, खाते अ, यूटीआर 531811480694
११.४२ — २८,८०० गेले, खाते ब, यूटीआर 531811513347
११.४९ — ४३,१९९ चा प्रयत्न, शिल्लक अपुरी म्हणून नाकारला गेला

खात्यात सकाळी ६१,२१२ रुपये ४० पैसे होते, शेवटी ३,६१३ रुपये ४० पैसे उरले. एकूण ५७,६०१ गेले, २ आले. निव्वळ नुकसान ५७,५९९ रुपये. वाया गेलेली डाळ, गूळ आणि दोन मदतनीस बायकांची मजुरी यात धरलेली नाही. बँकेच्या मेसेजमधली वेळ कुठे कुठे ॲपपेक्षा एक मिनिट पुढे दिसते. वरच्या वेळा ॲपमधल्या आहेत.

माझी खास विनंती त्या दोन रुपयांबद्दल आहे. ते अ किंवा ब मधून आलेले नाहीत, तिसऱ्याच खात्यातून आले आहेत. अ आणि ब ही भाड्याने घेतलेली किंवा दुसऱ्या कुणाच्या नावाची खाती असू शकतात, पण क मधून पैसे बाहेर पाठवताना तिथला पिन कुणीतरी टाकला आहे. रक्कम क्षुल्लक म्हणून हा व्यवहार सुटू नये. बँकेत अर्ज देताना तिथल्या बाईंनी "दोन रुपयांचं कशाला लिहिता" म्हणून ती ओळ खोडायला सांगितली होती. मी खोडली नाही.

११.५३ ला फोन कापला गेला. १९३० ला १२.०६ ला लावला, दोनदा लाइन लागली नाही, १२.१९ ला लागली. त्यानंतर लगेच बँकेच्या शाखेत जाऊन खात्याचे यूपीआय बंद करून घेतले व लेखी अर्ज दिला. पोचेच्या शिक्क्यावर वेळ दुपारी १.१० आहे.

सोबत जोडलेले स्क्रीनशॉट: १ ते ३ दोन्ही नंबरांची कॉल यादी, ४ ते ९ व्हॉट्सॲपवरचे संभाषण क्रमाने, १० व ११ ओळखपत्र आणि गणवेशातला फोटो, १२ ते १४ तिन्ही क्यूआर कोड, १५ ते २० वरच्या सहा व्यवहारांची ॲपमधली पाने, प्रत्येकावर समोरच्याचे नाव आणि यूपीआय आयडी दिसतो. त्याने क्यूआर कोडचे मेसेज नंतर सगळ्यांसाठी डिलीट केले, पण फोटो आपोआप डाउनलोड होत असल्याने ते गॅलरीत राहिले. १२ ते १४ तिथलेच आहेत. संभाषणात "This message was deleted" असे तीन ठिकाणी दिसेल, ती तीच जागा. शिवाय १ ते १४ नोव्हेंबरचा बँकेचा शिक्का असलेला खातेउतारा आणि शाखेच्या अर्जाची पोच.

स्क्रीनशॉट कापलेले किंवा रंगवलेले नाहीत. मोबाइल मी फॉरमॅट केलेला नाही, ते संभाषणही पुसलेले नाही. तपासासाठी फोन हजर करीन आणि भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ नुसार लागणारे प्रमाणपत्र सही करून देईन.

विनंती अशी की खाते अ, ब आणि क यांतली रक्कम, तसेच तिथून पुढे ज्या खात्यांत गेली असेल तिथली रक्कम तातडीने गोठवावी. दोन्ही मोबाइल क्रमांक कुणाच्या कागदपत्रांवर घेतले आणि त्या दिवशी कुठून चालू होते ते तपासावे. आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८(४) व ३१९(२) तसेच माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६ड यांखाली गुन्हा नोंदवावा. गोठवलेली रक्कम परत मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागल्यास मी येईन.

४४७१ हा नंबर आज सकाळीही व्हॉट्सॲपवर ऑनलाइन दिसत होता. मी त्याला ब्लॉक केलेले नाही व उत्तरही दिलेले नाही. ब्लॉक करावे की तसेच ठेवावे, ते कृपया कळवावे.

वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.

सुनंदा रघुनाथ खैरनार
जेलरोड, नाशिकरोड
१५ नोव्हेंबर २०२५