तीस पूर्ण. मावशीच्या भाषेत एकतिसावं लागलं.

मावशीचं गणित बरोबर आहे, वाद घालून उपयोग नाही. पण हिशोबच करायचा तर घड्याळ कुणाचं धरायचं ते आधी ठरवू. आपल्या नाशकात मोठा हिशोब गुरूचा: तो सिंह राशीत आला की सिंहस्थ. त्याला सूर्याभोवती एक फेरी मारायला जवळजवळ १२ वर्षं लागतात, म्हणजे त्याच्या लेखी हे वय जेमतेम अडीच. शनीला साडेएकोणतीस वर्षं लागतात. त्याच्याकडे आत्ता कुठे पहिला वाढदिवस झालाय, दात येत असतील. २००३ च्या सिंहस्थात वय सात, २०१५ ला एकोणीस, २०२७ ला एकतीस. मोजायला गेलं तर आकडे तीनच.

आता तक्रार विभाग.

पांढरा केस: एक उपटला की चार येतात, ही अफवा. शेजारचे त्याच्यामुळे पांढरे होत नाहीत. पण उपटलेल्या जागी पुन्हा पांढराच येतो आणि सारखं ओढून मूळ दुखावतं. बारीक कात्री घ्यायची, मुळाशी कापायचा, विषय संपला. (सापडला एकच आहे. आरशासमोर वीस मिनिटं शोधला तेव्हा.)

गुडघा: पांडवलेणी चढताना दम बोलतो, उतरताना गुडघा. उतरताना मांडीचे स्नायू ब्रेक लावत असतात आणि भार गुडघ्यावर येतो. लहान पावलं, गुडघा किंचित वाकवलेला, उड्या बंद. उड्या अठराव्या वर्षीही बंदच असायला हव्या होत्या, पण तेव्हा ऐकतंय कोण.

सुरकुत्या: रविवार कारंज्यावर जाऊन आधी द्राक्षांचा भाव विचारा, मग बेदाण्याचा. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पुढे काही बोलायची गरज नाही.

फोटोतला ० तिरका दिसतोय तो फिल्टर नाही. आकड्यांच्या मेणबत्तीत शून्य रुंद, काडी एकच, वर क्रीम मऊ. काडी क्रीमच्या खाली स्पंजपर्यंत रुतवावी लागते, नाहीतर फुंकर मारायच्या आधीच शून्य आडवं. सुट्या तीस मेणबत्त्या मुद्दामच आणल्या नाहीत: तिसावी पेटेपर्यंत पहिली निम्मी झालेली असते आणि अर्ध्या किलोच्या केकवर पाव किलो मेण.

"आता पुढे काय?" विचारणाऱ्या सर्व काका-काकूंना: पुढे मिसळ. रविवारी सकाळी साडेसहाला पांडवलेणीच्या पायथ्याशी, उतरलो की पापड-मिसळ, रस्सा हवा तेवढा, दही मात्र ज्याचं त्याने मागायचं. ज्यांचं अजून एकोणतीस चालू आहे त्यांनी सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या उचलायच्या.

#एकतिसावंलागलं #नाशिककर